प्रोस्टेटच्या गोळ्या आणि शरीरसंबंध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर, करवीर, कागल, हातकणंगले या भागांतून प्रोस्टेटच्या औषधांबद्दल जे प्रश्न येत राहतात, त्यांतले निम्मे लघवीचे नसतातच. ओपीडीत मुलगा किंवा सून शेजारी बसलेली असते, त्यामुळे तिथे ते तोंडातून बाहेर पडत नाहीत. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर वाचताना आपल्या गोळ्यांची स्ट्रिप हाताशी ठेवा.

१. प्रोस्टेटच्या सगळ्याच गोळ्यांनी शरीरसंबंधावर परिणाम होतो का?

नाही. कुठली गोळी चालू आहे त्यावर सगळं ठरतं. या गोळ्यांच्या तीन जाती आहेत.

पहिली जात स्नायू सैल करणारी: टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन. मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटमधले स्नायू सैल झाले की धार सुटते. काही दिवसांतच फरक कळतो. यांचा परिणाम होतो तो वीर्य बाहेर पडण्यावर. इच्छा आणि ताठरता सहसा होती तशीच राहते.

दुसरी जात ग्रंथी आकसवणारी: फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड. ग्रंथी लहान व्हायला सहा महिने तरी लागतात. इच्छा कमी होणं, ताठरता उणावणं आणि वीर्याचं प्रमाण घटणं या तक्रारी यांच्यामुळे येऊ शकतात.

तिसरी जात म्हणजे रोजची टाडालाफिल ५ मिग्रॅ. ही लघवीलाही मदत करते आणि ताठरतेलाही. पण ती सगळ्यांना देता येत नाही (प्रश्न ८).

गोंधळ होतो तो जोडगोळीमुळे. आपल्याकडे एकाच कॅप्सूलमध्ये टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ आणि ड्युटास्टेराइड ०.५ मिग्रॅ सर्रास दिलं जातं. पुढे मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, खरी नावं मागे बारीक अक्षरात. पेशंट म्हणतो "मला एकच गोळी आहे", आणि पोटात दोन जातींची औषधं जात असतात.

२. गोळी चालू केल्यापासून सगळं नीट होतं, पण शेवटी पाणीच पडत नाही. वीर्य जातं कुठं?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न. चिठ्ठीवर टॅम्सुलोसिन किंवा सिलोडोसिन असेल तर हा त्या औषधाचा ठरलेला परिणाम आहे.

वीर्यकोश आणि वीर्यनलिका यांच्या भिंतींत स्नायू असतात. ऐन वेळी ते आवळले जातात आणि वीर्य पुढे ढकललं जातं. त्या स्नायूंना आवळण्याचा निरोप ज्या जागी पोचतो, तशाच जागा प्रोस्टेटमध्येही आहेत, आणि औषध दोन्हीकडे तो निरोप अडवतं. लघवीची वाट मोकळी होते ती याच कामामुळे, आणि वीर्याची पिचकारी थांबते तीही याच कामामुळे.

पूर्वी असं मानत की वीर्य उलटं मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीतून निघतं. आजही बऱ्याच ठिकाणी तसंच सांगितलं जातं. पण टॅम्सुलोसिन दिलेल्या निरोगी पुरुषांची संबंधानंतरची लघवी तपासली, तेव्हा तीत शुक्राणू जवळपास सापडलेच नाहीत. म्हणजे बहुतेकांत वीर्य उलटं जात नाही, ते पुढे ढकललंच जात नाही. शेवटचा आनंदाचा क्षण बहुतेकांना जाणवतो. काहींना तो फिका वाटतो.

औषध थांबवलं की दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात पूर्ववत होतं.

३. मग ते आत साठून राहून गाठ होईल का? आणि अंगातली ताकद कमी होते का?

गाठ होत नाही. शुक्राणू शरीरातच विरघळून शोषले जातात. नसबंदी केलेल्यांचंही असंच होतं.

ताकदीचा प्रश्न तालमींच्या गावात येणारच. लाल मातीत वाढलेल्या पिढीला वीर्य म्हणजे बळ असं लहानपणापासून ऐकवलेलं आहे. एका वेळचं वीर्य म्हणजे साधारण अर्धा-एक चमचा द्रव, त्यात बहुतांश पाणी. ते बाहेर आलं म्हणून बळ जात नाही आणि आलं नाही म्हणून वाढतही नाही. गोळी सुरू झाल्यावर अंग गळल्यासारखं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखं वाटत असेल तर ते उभं राहिल्यावर ब्लड प्रेशर उतरल्यामुळे. बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा प्रेशर मोजून घ्या.

४. पाणी न पडणारी गोळी बदलून मिळते का?

मिळते. चाचण्यांमध्ये सिलोडोसिन ८ मिग्रॅ घेणाऱ्या १०० पैकी सुमारे २८ जणांना ही तक्रार आली, टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ घेणाऱ्या १०० पैकी साधारण ८ जणांना. अल्फुझोसिन १० मिग्रॅवर ती क्वचित येते. लघवीच्या बाबतीत तिघांचं काम जवळपास सारखंच आहे.

म्हणून कोरडेपणाच त्रासाचा असेल तर डॉक्टरांना नाव घेऊन विचारा: "अल्फुझोसिन चालेल का?" ती दिवसातून एकदा, जेवण झाल्यावर लगेच आणि अख्खी गिळायची असते. चावली किंवा फोडली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं आणि चक्कर येते. लिव्हर बिघडलेलं असेल किंवा ईसीजीत क्यूटी हा भाग लांबलेला असेल तर ती देत नाहीत. प्रेशर उतरण्याचा त्रास टॅम्सुलोसिनपेक्षा थोडा जास्त होऊ शकतो, तेव्हा पहिले काही दिवस अंथरुणातून उठताना आधी कडेला बसायचं आणि मग उभं राहायचं.

उलट गोष्टही घडते. मेडिकलमध्ये टॅम्सुलोसिन संपलेलं असतं आणि "हेच आहे, जरा भारीतलं" म्हणून सिलोडोसिन हातात येतं. महिनाभराने पेशंट विचारतो की आता अचानक कोरडं का झालं. बिलावरचं नाव मागच्या बिलाशी जुळवून पाहा.

५. संबंध ठेवायचा त्या दिवशी गोळी चुकवली तर चालेल का?

एका रात्रीच्या चुकवण्याने बहुधा काही साधत नाही. औषधाचा अंमल दुसऱ्या दिवशीही थोडा उरलेला असतो. वीर्य परत यायला दोन-तीन दिवस लागतात. काही डॉक्टर पेशंट पाहून दोन दिवसांची सुट्टी देतात, पण ज्याची लघवी याआधी एकदा तरी पूर्ण अडकून नळी घालावी लागली आहे, त्याने हा प्रयोग स्वतःहून करू नये. चार-पाच दिवसांचा खंड पडला असेल तर पुन्हा सुरू करताना पहिल्या दिवसासारखी चक्कर येऊ शकते. राहिलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका.

ड्युटास्टेराइड चुकवून तर काहीच उपयोग नाही. का, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

६. इच्छाच राहिली नाही. हे गोळीमुळे की वयामुळे?

आधी तारखा जुळवा. इच्छा कमी होण्याची सुरुवात फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात झाली असेल तर गोळीवर संशय घ्यायला जागा आहे. ही औषधं टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हे संप्रेरक कमी करतात. फिनास्टेराइड रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी, ड्युटास्टेराइड ९० टक्क्यांहून जास्त. ग्रंथी डीएचटीवर पोसली जाते, म्हणून ती आकसते. टेस्टोस्टेरॉन मात्र घटत नाही, किंचित वाढतंच.

अमेरिकेत सुमारे ३००० पुरुषांवर ४ वर्षं चाललेल्या फिनास्टेराइडच्या चाचणीत पहिल्या वर्षी इच्छा कमी झाल्याची तक्रार गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी साधारण ६ जणांनी केली. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांतही ३ जणांनी केली. ताठरतेच्या तक्रारी ८ विरुद्ध ४. दुसऱ्या ते चौथ्या वर्षात नव्या तक्रारी दोन्ही गटांत सारख्याच निघाल्या. म्हणजे गोळीचा वाटा खरा आहे, पण तक्रार करणाऱ्यांतल्या जवळपास निम्म्यांना ती गोळीविनाही आली असती. तीन वर्षं गोळी विनातक्रार चालली आणि आता इच्छा गेली, तर आधी शुगर, प्रेशरची औषधं, दारू, झोप आणि उदासी यांकडे पाहा.

इटलीतल्या एका छोट्या अभ्यासाचं इथे सांगण्यासारखं आहे. निम्म्यांना फिनास्टेराइड देताना हे परिणाम सांगितले, निम्म्यांना नाही. सांगितलेल्यांत १०० पैकी ४४ जणांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांत १५ जणांनी. म्हणून लपवून ठेवावं असं आमचं मत नाही. पण मनात धास्ती घेऊन रोज स्वतःची परीक्षा पाहिली तर ताठरता त्या धास्तीनेही जाते.

मन फार खिन्न राहू लागलं किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र वाट पाहायची नाही. या औषधांवर असताना अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि घरातल्या कुणाला तरी कळू द्या.

७. जोडगोळी चालू आहे, कोरडंही झालं आणि इच्छाही गेली. नेमकं काय थांबवायचं?

एकदम सगळं नाही. एक उदाहरण टप्प्याटप्प्याने पाहू.

समजा, ५८ वर्षांचे ऊस बागायतदार. रात्री चार-पाचदा उठणं, धार बारीक. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४८ ग्रॅम; प्रोस्टेट कॅन्सरचा संशय पाहण्यासाठी करतात ती रक्ताची तपासणी, म्हणजे पीएसए, २.८. टॅम्सुलोसिन-ड्युटास्टेराइडची जोडगोळी सुरू झाली. दोन आठवड्यांत लघवी सुधारली आणि वीर्य येणं थांबलं. पाचव्या महिन्यात इच्छा कमी, सातव्या महिन्यात ताठरता अपुरी. आता नववा महिना.

तारखाच बरंच सांगतात. दोन आठवड्यांतला कोरडेपणा टॅम्सुलोसिनचा. ड्युटास्टेराइड इतक्या लवकर असं करत नाही. पाचव्या महिन्यातली इच्छेची घट ड्युटास्टेराइडशी जुळते. ताठरतेचं मात्र नक्की नाही.

पहिला टप्पा: जोडगोळी फोडायची, म्हणजे दोन औषधं वेगवेगळी लिहून घ्यायची. कॅप्सूल हाताने उघडायची असा याचा अर्थ नाही. टॅम्सुलोसिनच्या जागी अल्फुझोसिन १० मिग्रॅ, ड्युटास्टेराइड तसंच. दहा-पंधरा दिवसांत वीर्य परत येईल, पण पूर्वीपेक्षा कमी, कारण ड्युटास्टेराइडही त्याचं प्रमाण घटवतं. इतकं जरी झालं तरी दोन औषधांचे दोष वेगळे झाले.

दुसरा टप्पा: ड्युटास्टेराइडला दोष देण्याआधी तपासण्या. गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीएवनसी, आणि सकाळी उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन. समजा, एचबीएवनसी ८.१ आली आणि टेस्टोस्टेरॉन ठीक आहे. आता ताठरतेचा बराचसा दोष शुगरकडे जातो. गोळी थांबवून शुगर तशीच ठेवली असती तर सहा महिने फुकट गेले असते. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येत असेल तर नसा-रक्तवाहिन्या बऱ्या आहेत असं समजतात. तीही येत नसेल तर शुगरवरचा संशय वाढतो.

तिसरा टप्पा: शुगर आटोक्यात येऊनही इच्छा परतली नाही, तर ड्युटास्टेराइड थांबवून पाहायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. ४८ ग्रॅमच्या ग्रंथीत ते खरोखर उपयोगी आहे: लघवी पूर्ण अडकण्याची आणि ऑपरेशनची शक्यता ते कमी करतं. ३० ग्रॅमच्या आतल्या ग्रंथीत त्याचा फारसा फायदाच नसतो, आणि तरीही जोडगोळीतून ते वर्षानुवर्षं चालू राहिलेलं दिसतं. आपली ग्रंथी किती ग्रॅमची, हा प्रश्न इथे विचारलाच पाहिजे.

थांबवलं तर धीर हवा. ड्युटास्टेराइड शरीरातून निम्मं व्हायला सुमारे ५ आठवडे लागतात, सगळं निघायला पाच-सहा महिने. महिनाभराने "फरक नाही" म्हणून निष्कर्ष काढू नये. फिनास्टेराइड काही दिवसांतच शरीराबाहेर जातं, म्हणून शंका असेल तिथे काही डॉक्टर सुरुवातच त्याने करतात.

बहुतेकांचं पूर्ववत होतं. औषध बंद करूनही तक्रार टिकून राहिल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांचं कारण अजून पक्कं झालेलं नाही.

पीएसएचं एक विसरू नका. ही औषधं सहा महिने घेतली की पीएसए सुमारे निम्मं होतं. आपल्या बागायतदारांचं १.३ आलं तर त्याची दुप्पट, म्हणजे २.६ धरायचं, ठीक आहे. पण २.५ आलं तर रिपोर्टवर "नॉर्मल" छापलेलं असलं तरी ते ५ धरायचं आणि पुढे तपासायचं. रक्त देताना लॅबमध्ये आणि रिपोर्ट पाहणाऱ्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

८. लघवी आणि ताठरता, दोन्हींना एकच गोळी असते म्हणे. ती का देत नाहीत?

ती म्हणजे टाडालाफिल ५ मिग्रॅ, रोज एक, ठरावीक वेळी. वीर्य कोरडं होत नाही, इच्छेवर वाईट परिणाम नाही. ग्रंथी मात्र लहान होत नाही. डोकेदुखी, पाठदुखी, छातीत जळजळ हे नेहमीचे त्रास.

अडतं ते हृदयाच्या औषधांपाशी. खिशात सॉर्बिट्रेट ठेवणारी, किंवा नायट्रेटची नाहीतर निकोरँडिलची गोळी रोज घेणारी माणसं टाडालाफिल घेऊ शकत नाहीत; दोन्ही एकत्र आली की प्रेशर इतकं कोसळतं की जीव जाऊ शकतो. टाडालाफिल घेतलेल्याच्या छातीत दुखू लागलं, तर शेजाऱ्याने प्रेमाने पुढे केलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची नाही. थेट दवाखाना गाठायचा आणि शेवटची टाडालाफिल कधी घेतली ते सांगायचं. त्यानंतर निदान ४८ तास नायट्रेट टाळतात. किडनी फार कमजोर असेल तरीही रोजची टाडालाफिल देत नाहीत.

९. टॅम्सुलोसिन चालू असताना ताठरतेची निळी गोळी घेतली तर?

सिल्डेनाफिल आणि स्नायू सैल करणारी गोळी, दोन्ही प्रेशर उतरवतात. प्रोस्टेटची गोळी काही आठवडे नियमित चालून प्रेशर स्थिरावलं असेल, तर डॉक्टर सिल्डेनाफिल २५ मिग्रॅपासून सुरू करतात आणि दोन गोळ्यांत निदान ४ तासांचं अंतर ठेवायला सांगतात. मित्राकडून मिळालेली १०० ची गोळी अर्धी करून घेणं म्हणजे २५ नव्हे. नायट्रेटचा नियम इथेही लागू (प्रश्न ८). ताठरता ४ तासांहून जास्त टिकली आणि दुखू लागली, तर ती मिरवायची गोष्ट नाही; रात्र असो की पहाट, इमर्जन्सीत जायचं, नाहीतर कायमचं नुकसान होतं.

१०. जाहिरातीतलं ताकदीचं चूर्ण घेतलं तर? ते तर आयुर्वेदिक आहे.

ज्या चूर्णाचा गुण तासाभरात येतो, त्यात सिल्डेनाफिल किंवा त्याचा भाऊबंद मिसळलेला असण्याची दाट शक्यता असते. अशी भेसळ अनेक देशांत पकडली गेली आहे. किती मिसळलंय ते लिहिलेलं नसतं. टॅम्सुलोसिन किंवा सॉर्बिट्रेट चालू असणाऱ्याने ते घेऊ नये.

११. त्यापेक्षा दुर्बिणीचं ऑपरेशन करून गोळ्यांतूनच सुटलेलं बरं नाही का?

गोळ्यांतून सुटाल, कोरडेपणातून नाही. नेहमीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मूत्राशयाच्या तोंडापासूनच ग्रंथी कोरली जाते, ते तोंड नंतर घट्ट मिटत नाही आणि वीर्य खरोखरच उलटं मूत्राशयात जातं. हे १०० पैकी ६५ ते ७५ जणांत होतं आणि ते कायमचं असतं. गोळीचा कोरडेपणा गोळीबरोबर जातो, हा फरक मोठा आहे. ताठरता मात्र बहुतेकांची शाबूत राहते. लघवी अडकणं, मूत्राशयात खडे, किडनीवर ताण अशी कारणं असतील तर ऑपरेशन करावंच लागतं. पण केवळ पाणी पडावं म्हणून ते करायला निघालेल्याला आधी हे सांगितलं गेलं पाहिजे.

१२. माझं वय ४४, दुसरं लग्न झालंय, मूल हवंय. या गोळ्या चालतील?

टॅम्सुलोसिन-सिलोडोसिनवर वीर्यच बाहेर न आल्यामुळे गर्भ राहणं अवघड. अल्फुझोसिनवर जाऊन आठवडा-दोन आठवड्यांनी वीर्य तपासा. ड्युटास्टेराइडने शुक्राणूंची संख्या आणि वीर्याचं प्रमाण निरोगी पुरुषांत सरासरी पाव हिश्श्याने घटलेलं दिसलं आहे. ज्याचे आकडे मुळात चांगले त्याला ते पुरतं, काठावरच्याला नाही. नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे तीन महिने लागतात, आणि ड्युटास्टेराइड निघून जायलाही वेळ लागतो, तेव्हा हिशोब महिन्यांचा करा. गोळी बदलूनही वीर्य येत नसेल आणि जुनी शुगर असेल, तर संबंधानंतरची लघवी तपासून घ्या. शुगरने नसा बिघडल्या की वीर्य उलटं जातं, आणि अशा वेळी त्या लघवीत शुक्राणू सापडतात.

१३. घरात सून गरोदर आहे आणि मामंजींच्या गोळ्या तीच काढून देते. काही धोका?

टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, टाडालाफिलला हात लावून काही होत नाही. काळजी फिनास्टेराइड-ड्युटास्टेराइडची. पोटातला गर्भ मुलगा असेल तर त्याच्या बाह्य जननेंद्रियाच्या वाढीला डीएचटी लागतं, आणि ही औषधं नेमकं तेच रोखतात. फिनास्टेराइडच्या अख्ख्या गोळीवर लेप असतो, त्यामुळे ती नुसती हाताळल्याने धोका नाही. मोडलेली किंवा कुटलेली गोळी तिने हाताळू नये. ड्युटास्टेराइडची कॅप्सूल मऊ असते, आत तेलकट द्रव असतो आणि तो कातडीतून आत जाऊ शकतो. उन्हाळ्यात चिकटलेली, गळणारी कॅप्सूल तिच्या हाताला लागली तर लगेच साबण-पाण्याने हात धुवायचा. प्रसूती होईपर्यंत मामंजींनी आपली गोळी आपणच काढून घ्यावी. आणि ड्युटास्टेराइड थांबवल्यावर सहा महिने त्यांनी रक्तदान करू नये, कारण ते रक्त कुणा गरोदर बाईला चढू शकतं.